रिचार्ज थांबवणं म्हणजे जोडणी बंद करणं नव्हे

केबल किंवा डिश बंद करायचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक असं, की ‘बंद करायला काय करायचंय? रिचार्ज मारू नका, आपोआप बंद होतं.’ दुसरं, ‘डिपॉझिटचं विसरा. ते कधी कुणाला परत मिळालंय?’ ही दोन्ही मतं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या तोंडून येतात, आणि यात नवल काही नाही. पहिल्या मतावर चालणाऱ्याच्या बाबतीत दुसरं मत खरं ठरतंच. जोडणी रीतसर बंद केली नाही म्हणून अनामत परत येत नाही, आणि अनामत परत येणार नाही असं धरून चालल्यामुळे जोडणी रीतसर बंद करायचे कष्ट कुणी घेत नाही. या लेखात आधी ही दोन्ही मतं खोडायची आहेत. त्यांच्या जोडीला केबलवाल्यांच्या बाजूने होणारे दोन युक्तिवादही तपासायचे आहेत. मग शेवटी काय असायला हवं ते मांडायचं आहे.

पहिल्या मतापासून सुरुवात करू. रिचार्ज संपला की चित्र जातं, हे खरं. पण चित्र जाणं आणि खातं बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीपेड पद्धतीत पैसे संपले की कंपनी फक्त प्रक्षेपण रोखते. तिच्या नोंदवहीत तुमचा ग्राहक क्रमांक जिवंत असतो, तुमच्या नावावर दिलेला सेट-टॉप बॉक्स ‘ग्राहकाकडे’ असतो आणि तुमची अनामत त्या बॉक्सच्या तारणापोटी तिच्याकडे पडून असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ साली केबल आणि डीटीएच ग्राहकांसाठी सेवेच्या दर्जाची आणि ग्राहक संरक्षणाची नियमावली काढली. जोडणी तोडून परतफेडीची अनामत परत करण्याची जबाबदारी त्या नियमावलीने सेवा देणाऱ्यावर टाकली आहे, पण ती सुरू होते ग्राहकाच्या मागणीपासून, आणि योजनेच्या अटी पाळल्या असतील तरच. मागणीच केली नाही तर ही जबाबदारी जागीच होत नाही. तुम्ही दोन वर्षं रिचार्ज केला नसेल तरी कंपनीच्या लेखी तुम्ही ‘तात्पुरते निष्क्रिय’ ग्राहक असता, ‘गेलेले’ ग्राहक नसता.

‘आपोआप बंद’वाल्यांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. भाड्याने किंवा अनामतीवर घेतलेला बॉक्स आपल्याकडे असतो तेव्हा भारतीय करार कायद्याच्या भाषेत आपण निक्षेपग्राही असतो, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घेतलेला माणूस. त्या कायद्याचं कलम १६० सांगतं की काम संपलं की वस्तू मालकाने मागायची वाट न बघता परत करायची. कलम १६१ सांगतं की वेळेत परत केली नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीला आपण जबाबदार. माळ्यावर पडून राहिलेला बॉक्स पावसाळ्यात गंजला तर त्याचा भार आपल्यावर येऊ शकतो. रिचार्ज थांबवून गप्प बसणारा ग्राहक आपला हक्क तर गमावतोच, वर समोरच्याच्या हातात हत्यार देतो.

‘बॉक्स ठेवून घेऊ, दुसऱ्या कंपनीला चालेल’ हा विचारही मनातून काढून टाकावा. प्रत्येक कंपनीची कूटबद्ध प्रणाली निराळी, कार्ड निराळं. एकीचा बॉक्स दुसरीला चालत नाही. २००१ सालच्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांत बॉक्स एकमेकांना चालावेत अशी अट होती, २०२० साली ट्रायने पुन्हा तशी शिफारस केली, पण घरातल्या डब्याला याचा उपयोग झालेला नाही. जोडणी सोडल्यावर तो बॉक्स आपल्या कामाचा नाही. तो परत देण्यातच त्याची किंमत आहे.

आता दुसरं मत, ‘डिपॉझिट कधी परत मिळतं का?’ याचं उत्तर द्यायच्या आधी एक उलट प्रश्न विचारावा लागतो: तुम्ही डिपॉझिट दिलं होतं का? पुष्कळदा तक्रार करणारा माणूस जोडणीच्या दिवशी दिलेली सगळी रक्कम डिपॉझिट समजत असतो. तसं नसतं. त्या दिवशीच्या रकमेत साधारण तीन गोष्टी असतात. एक, बसवण्याचा आकार, त्यावर नियमावलीत २०२४ पर्यंत ३५० रुपयांची मर्यादा होती. दोन, जोडणी सुरू करण्याचा आकार, त्याची तेव्हाची मर्यादा १०० रुपये. हे दोन्ही सेवेचे पैसे, ते परत येत नाहीत आणि मागूही नयेत. तिसरी गोष्ट बॉक्सची. तो विकत घेतला असेल तर दिली ती किंमत, आणि बॉक्स आपला. भाड्याने किंवा अनामतीवर घेतला असेल तर दिली ती अनामत, आणि बॉक्स कंपनीचा. याशिवाय, विशेषतः डीटीएचमध्ये, असंही होतं की बॉक्स कंपनीच्याच मालकीचा राहतो पण अनामत म्हणून वेगळी रक्कम घेतलेलीच नसते. तिथे परत मागण्यासारखं काही नाही, बॉक्स परत करायचा तेवढा उरतो. भांडायला निघण्यापूर्वी आपण यातल्या कोणत्या गटात आहोत हे ठरवलंच पाहिजे.

ते ठरवायचं कसं? जोडणीच्या वेळी भरलेल्या अर्जाची प्रत, पावती, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरची योजना यांत ते लिहिलेलं असतं. अर्ज सापडत नसेल आणि पावतीवर ‘नवीन जोडणी’ एवढंच खरडलेलं असेल, तरी एक खूण हाताशी आहे, ती म्हणजे जीएसटी. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे अनामत हा सेवेचा मोबदला धरला जात नाही, जोवर पुरवठादार ती रक्कम मोबदला म्हणून वळती करत नाही. म्हणून खऱ्या अनामतीवर कर लागत नाही, आणि बसवणी, सुरुवात, भाडं, विक्री या सगळ्यांवर लागतो.

उदाहरणादाखल नाशिकचं एक घर घेऊ. समजा, त्यांनी केबलवाल्याला जोडणीच्या दिवशी १,५३१ रुपये दिले आणि पावतीवर तेवढाच एक आकडा आहे. सगळी रक्कम सेवेचीच असती, तर १८ टक्के कर वजा करून मूळ आकार १,२९७ रुपये ४६ पैसे निघतो. असा विचित्र दर कुणी लावत नाही. आता दुसऱ्या बाजूने मांडून बघा. बसवणीचे ३५० अधिक कर मिळून ४१३. सुरुवातीचे १०० अधिक कर मिळून ११८. दोन्हींची बेरीज ५३१. उरले बरोबर १,०००, आणि त्यावर कर नाही. आता केबलवाला ‘ते बॉक्सचे पैसे होते’ म्हणाला तर त्याला एकच विचारायचं: ‘विकत दिला असेल तर त्यावरचा कर कुठे आहे, आणि विक्रीचं बिल कुठे?’ ही खूण म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, आकडे नेहमी इतके नीट जुळतील असंही नाही. पण बोलणं ‘तुम्ही म्हणता, मी म्हणतो’ या पातळीवरून हिशेबावर आणायला ती पुरते.

आता केबलवाल्यांची बाजू. ती ऐकून न घेता तिची टर उडवणं सोपं आहे, पण तिच्यात तथ्य आहे. डिजिटायझेशन आलं तेव्हा, मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ साली, गल्लीतल्या केबलवाल्याने मोठ्या कंपनीकडून बॉक्स आणून घराघरांत बसवले. भाडेकरू खोली सोडून गेले, बॉक्स सोबत गेला, रिमोट मुलांनी फोडला, आणि नुकसान सोसलं केबलवाल्याने. त्याचा पहिला युक्तिवाद असा: ‘काका, डबा जुना झाला. आता भंगारात पण कोणी घेत नाही. त्याचे पैसे कुठून देऊ?’

याचं खंडन करायचं तर अनामत कशापोटी घेतली होती तिथे जावं लागतं. अनामत म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. वस्तू सुखरूप परत येईल याची ती हमी. वस्तू परत आली की हमीचं काम संपतं. दरम्यान बाजारात त्या वस्तूला काय भाव राहिला, त्याच्याशी हमी देणाऱ्याचा संबंध नाही. पाच वर्षांत एसडी बॉक्स जुनाट झाला तो तंत्रज्ञान बदललं म्हणून, ग्राहकाने वापरला म्हणून नव्हे. वापराने झालेली झीजही ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. करार कायद्याच्या कलम १५१ आणि १५२ प्रमाणे वस्तू ताब्यात असणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. ती घेतली असेल, आणि वेगळा करार नसेल, तर झीज-तुटीची जबाबदारी त्याची नाही.

‘वेगळा करार नसेल तर’ ही पाचर मात्र महत्त्वाची. काही योजनांत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की अनामतीतून दर वर्षी अमुक रक्कम वळती होईल आणि ठरावीक वर्षांनी परतावा शून्य होईल. अशी अट जोडणीच्या वेळी लेखी सांगितली असेल आणि आपण सही केली असेल, तर ‘मला पूर्ण रक्कम हवी’ हा हट्ट टिकत नाही. पण ती अट आधी दाखवावी लागते. जोडणी सोडायच्या दिवशी केबलवाल्याने तोंडी शोधून काढलेला घसारा हा करार नव्हे.

नाशिकच्या त्याच घरात परत जाऊ. त्यांच्या योजनेत घसाऱ्याची अट नाही. त्यांच्याकडे एका महिन्याचं बॉक्सचं भाडं थकलं आहे, ३० रुपये अधिक कर, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. रिमोट हरवला आहे, आणि योजनेच्या दरपत्रकात रिमोटचे १५० रुपये लिहिलेले आहेत. केबलवाला म्हणतो, ‘मिटवून टाका ताई, पाचशे घ्या.’ ताईंनी पाचशे घेऊन गप्प बसावं का? हिशेब असा: १,००० मधून ३५.४० आणि १५० गेले, राहिले ८१४ रुपये ६० पैसे. केबलवाला देतोय ५००. उरलेल्या ३१४ रुपये ६० पैशांना ‘डबा जुना’ याखेरीज कारण नाही. रिमोटची कपात मान्य करावी, थकलेलं भाडं मान्य करावं, आणि तिसऱ्या कपातीचं कलम दाखवा म्हणावं. वजावट एकगठ्ठा मान्य करायची नाही, बाब-बाब लिहून घ्यायची, एवढी एक सवय लावून घेतली तर निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात. आणि रिचार्जची शिल्लक असेल तर ती अनामतीत मिसळू देऊ नये. तो तिसराच हिशेब आहे, तो वेगळा मांडावा.

दुसरा युक्तिवाद जास्त धूर्त आहे: ‘पैसे कंपनीने घेतले, तिकडे विचारा.’ कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे तुमची अनामत जमाच नाही, केबलवाल्याला विचारा.’ ग्राहक या दोघांत टोलवला जातो. पण नियमावलीने जबाबदारी ‘वितरक किंवा त्याच्याशी जोडलेला स्थानिक केबलचालक, प्रकरण असेल त्याप्रमाणे’ यांच्यावर टाकली आहे. त्या दोघांत कामाची आणि पैशांची वाटणी कशी, याचा लेखी करार त्यांच्यात असतो, तसा तो असावा असाही नियम आहे. ती त्यांची आपसातली बाब. ग्राहकाने एकच पत्र दोघांच्याही नावे काढावं. पत्र एकाला दिलं की दुसरा हात झटकतो, दोघांना दिलं की कुणाकडे नोंद आहे हे त्यांना आपसात ठरवावं लागतं.

पावतीच दिली नव्हती, असं झालं तर? तरीही बाजू पूर्ण पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणून ‘पावती दाखवा, मगच बोला’ असं म्हणणाऱ्याला ‘पावती देणं तुमचं काम होतं’ हे उत्तर कायद्याला धरूनच आहे. त्या दिवशी यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीत रक्कम आणि तारीख सापडते. जोडणीच्या दिवशी मोबाइलवर आलेला संदेश सापडला तर ग्राहक क्रमांक आणि तारीख दोन्ही हाती लागतात.

आता मंडन. जोडणी बंद करताना काय करायचं, ते मी अगदी कोरडेपणाने सांगतो, कारण यात हुशारीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. फोन करून ‘बंद करा’ म्हणू नका, किंवा म्हणालात तर तक्रार क्रमांक घेऊन लगेच ईमेल किंवा लेखी पत्र द्या. पत्रात ‘कायमची बंद’ असं स्पष्ट लिहा. यात एक फसगत होते: फोनवरचा मुलगा विनंती ‘तात्पुरती स्थगित’ अशी नोंदवतो. स्थगितीत वाहिन्यांचे पैसे लागत नाहीत, पण भाड्याच्या बॉक्सचं भाडं चालू राहतं, आणि खातं जिवंत असल्याने अनामतीचा प्रश्नच उभा राहत नाही. तेव्हा आलेल्या संदेशात कोणता शब्द आहे तो वाचा आणि चूक असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा.

पत्रात ग्राहक क्रमांक, बॉक्सच्या तळाशी चिकटवलेला अनुक्रमांक, कार्डाचा क्रमांक, भरलेली अनामत आणि ती ज्या बँक खात्यात हवी ते खातं, एवढं असावं. बॉक्स काढायच्या आधी तो चालू करून टीव्हीच्या पडद्याचा एक फोटो घ्या, आणि मागच्या अनुक्रमांकाचा दुसरा. पुढे ‘बॉक्स बंद पडलेला होता’ असा आरोप झाला तर तो फोटो कामाला येतो. बॉक्स, अडॅप्टर, रिमोट आणि कार्ड सुपूर्द करताना चारही वस्तू आणि अनुक्रमांक लिहिलेल्या कागदावर घेणाऱ्याची सही, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब ऑफिसात नाहीत, डबा ठेवून जा’ म्हटलं तर डबा घेऊन घरी या. सही नाही, तर डबा नाही. हा एक नियम पाळला तर पुढचं सगळं सोपं जातं, आणि मोडला तर अनामत आणि बॉक्स दोन्ही जातात.

पैसे आले नाहीत, तर पुढची पायरी कंपनीचा नोडल अधिकारी. ट्रायकडे व्यक्तिगत तक्रार करून उपयोग नाही, ती संस्था नियम करते, एकेका ग्राहकाचा निवाडा करत नाही. दिल्लीतला टीडीसॅट हा लवादही एकट्या ग्राहकासाठी नाही. ट्राय कायद्याच्या कलम १४ ने ग्राहक मंचासमोर जाऊ शकणाऱ्या एकट्या ग्राहकाच्या तक्रारी त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. म्हणूनच लेखी मागणीची आणि नकाराची तारीख जपून ठेवायची. वर्षानुवर्षं रिचार्ज न करता बसलेल्या माणसाला आपलं कारण नेमकं कधी घडलं हेच सांगता येत नाही.

‘तीनशे रुपयांसाठी आयोगात कोण जातो?’ हा आक्षेप मला खरा वाटतो. एकट्याने, ३१४ रुपये ६० पैशांसाठी, तारखांना हजेरी लावणं परवडत नाही, आणि परवडतं असा आव मी आणणार नाही. पण म्हणून बाजू सोडायची असं नाही. याचा अर्थ एवढाच, की हा प्रश्न तक्रारीच्या वाटेने सुटणार नाही, तो व्यवस्थेच्या रचनेतच सोडवायला हवा. आणि त्याचा नमुना आपल्या घरातच आहे.

वीज घ्या. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ ने ग्राहकाच्या सुरक्षा ठेवीवर बँक दराइतकं किंवा अधिक व्याज द्यायला लावलं आहे, आणि ठेव देणाऱ्याने मागितल्यावर ती परत करायलाही. महावितरणच्या बिलावर ती ठेव छापलेली असते. किती पैसे जमा आहेत हे दर महिन्याला ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असतं. गॅस घ्या. सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत जोडणीच्या व्हाउचरवर लिहिलेली असते. जोडणी सोडताना दोन्ही वस्तू दिल्या की त्या कागदावरचा आकडा परत मिळतो. तिथे कुणी म्हणत नाही की ‘सिलिंडर जुना झाला, पाचशे घ्या.’ सिलिंडरपेक्षा सेट-टॉप बॉक्स हाताळायला अवघड आहे काय?

मग मागणी साधी आहे. कंपनीकडे ग्राहक क्रमांक आहे, बॉक्सचा अनुक्रमांक आहे, मोबाइल क्रमांक आहे. शिल्लक संपली की त्याच मिनिटाला संदेश पाठवण्याइतकी तिची यंत्रणा तरबेज आहे. त्याच यंत्रणेने शिल्लकीच्या शेजारी ‘तुमची परतफेडीची अनामत: इतके रुपये’ ही ओळ दाखवावी. ठरावीक काळ रिचार्ज नसेल तर ‘बॉक्स परत करून अनामत घ्यायची आहे का?’ असा संदेश आपण होऊन पाठवावा. आणि नोंद कंपनीकडे आहे म्हणून पुराव्याचा भारही तिच्यावरच असावा: अनामत घेतली नव्हती असं म्हणणं असेल तर तिने मूळ अर्ज दाखवावा, ग्राहकाने पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी शोधत बसू नये. ट्रायला नियमावलीत ही दोन-तीन वाक्यं घालायला नवा कायदा लागत नाही.

तोपर्यंत आपण एवढं करावं: ज्या महिन्यात ओटीटी किंवा फायबरवर जायचं ठरेल, त्याच महिन्यात कायमची बंद करण्याचं पत्र द्यावं, बॉक्स सहीवर सुपूर्द करावा, आणि वजावटीचा प्रत्येक रुपया कोणत्या कलमाखाली कापला ते विचारावं.